तिकीट महाग, म्हणून आठ दिवस उशिरा

ऑगस्ट 2021मध्ये एका केंद्रीय सचिवांनी ट्विटरवर तक्रार केली: दिल्ली-लंडन इकॉनॉमीचं तिकीट 3 लाख 95 हजार रुपये, तेही ऐन कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांकडून भाड्यांचे तपशील मागवले. ब्रिटनने भारतीय प्रवाशांवरचे निर्बंध नुकतेच सैल केले होते आणि कोविडमुळे विमानं मोजकीच उडत होती.

तेवढं भाडं नेहमी नसतं, पण चढ दर वर्षी येतो. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांचं पहिलं सत्र ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतं, त्यामुळे भारतातली हजारो मुलं एकाच पंधरवड्यात एकाच दिशेला निघतात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर असलेल्या घरात मग विचार येतो, की विद्यापीठाला पत्र लिहून थोडं उशिरा गेलं तर?

समजा, सांगलीच्या एका मुलीला एमएससाठी प्रवेश मिळाला आहे. तिच्या आय-ट्वेंटीवर कार्यक्रम सुरू होण्याची तारीख 18 ऑगस्ट आहे आणि तास 25 तारखेला सुरू होणार आहेत. मुंबईहून 14 ऑगस्टचं तिकीट 95 हजारांना, तर 26 ऑगस्टचं 62 हजारांना दिसतंय. पत्र लिहिण्याआधी तिने एक गोष्ट तपासायला हवी. विद्यार्थी व्हिसावर कार्यक्रमाच्या तारखेआधी 30 दिवसांपर्यंत अमेरिकेत प्रवेश करता येतो, म्हणजे ती 19 जुलैपासून जाऊ शकते. जुलैचं तिकीट स्वस्त असेल आणि राहायची सोय होत असेल, तर विद्यापीठाकडे तारीख बदलून मागावीच लागणार नाही. अडचण एवढीच, की अनेकांच्या हातात व्हिसाच उशिरा पडतो आणि भाड्याच्या खोलीचा करारही ऑगस्टपासून सुरू होतो.

ती वाट बंद असेल, तर पत्र. ते प्राध्यापकांना पाठवून भागत नाही. विभागाची संमती हवीच, पण आय-ट्वेंटीवरची तारीख बदलण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या नियुक्त अधिकाऱ्यांना, म्हणजे डीएसओंना असतो. सेव्हिस या सरकारी संगणक प्रणालीत विद्यार्थी पोहोचल्याची नोंद तेच करतात. कार्यक्रमाच्या तारखेनंतर 30 दिवसांत ही नोंद झाली नाही, तर विद्यार्थ्याचा दर्जाच धोक्यात येतो. म्हणून 18 ऑगस्टची तारीख मनाने ओलांडायची नसते.

चांगलं पत्र दहा-बारा ओळींत मावतं. सुरुवातीला नाव, विद्यार्थी क्रमांक, ‘एन’ने सुरू होणारा सेव्हिस क्रमांक आणि आय-ट्वेंटीवरची तारीख. मग नेमकी मागणी: ‘मी 26 ऑगस्टला निघून 27ला पोहोचेन, याच सत्रात शिकेन, प्रवेश पुढच्या सत्रात ढकलायचा नाही.’ हे वाक्य फार मोलाचं आहे, कारण ते नसेल तर कार्यालयाला अर्ज जानेवारीच्या प्रवेशासाठी आहे असं वाटू शकतं. त्यानंतर कारण. ‘भाडं परवडत नाही’ एवढं लिहिण्यापेक्षा दोन्ही तारखांच्या भाड्यांचे स्क्रीनशॉट जोडून 33 हजारांचा फरक दाखवावा. आणि सर्वांत शेवटी, काय बुडणार ते स्वतःहून सांगावं: ओरिएंटेशन, पहिल्या दोन दिवसांचे तास, आणि ते भरून काढण्याची तयारी. अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असतो, त्यामुळे माझ्या मते पत्राचा खरा जोर इथेच पडायला हवा.

टीचिंग असिस्टंटशिप मिळाली असेल, तर मात्र हात आखडतात. त्यांचं प्रशिक्षण अनेक ठिकाणी तास सुरू होण्याआधी होतं आणि ते चुकलं तर काम, पर्यायाने फीमधली सूट, अडचणीत येऊ शकते. तिथे 33 हजारांची बचत महागात पडते.

होकार आला, तरी तो लेखी हवा. काही कार्यालयं नव्या तारखेची आय-ट्वेंटी देतात. त्यावरचा सेव्हिस क्रमांक तोच राहतो, त्यामुळे 350 डॉलरचं सेव्हिस शुल्क पुन्हा भरावं लागत नाही. काही कार्यालयं उशिरा येण्याची परवानगी देणारं पत्र देतात. मुलीने नवी आय-ट्वेंटी छापून, सही करून, हातातल्या बॅगेत ठेवावी. विमानतळावर उतरल्यावर अधिकारी कागदावरची तारीख पाहतो, आणि 27 ऑगस्टला 18 तारखेचा कागद पुढे केला तर चौकशी लांबते, प्रवेश नाकारलाही जाऊ शकतो. परवानगीआधीच परतावा न मिळणारं तिकीट काढणं हाही नेहमीचा घोटाळा. नकार आला की ते पैसे जातात आणि महागडं तिकीट घ्यावंच लागतं.

नकार आलाच, तर गावाजवळच्या छोट्या विमानतळाऐवजी शिकागो किंवा न्यूयॉर्कपर्यंतचं तिकीट पाहावं आणि पुढे बस घ्यावी. तुलना करताना सामानही धरावं: एका बॅगेचं स्वस्त तिकीट आणि दुसऱ्या बॅगेचे वेगळे पैसे मिळून बेरीज कधीकधी दोन बॅगा देणाऱ्या विद्यार्थी भाड्याच्या वर जाते.