कराडच्या गल्ल्यावर साताऱ्याची नजर

साताऱ्यातल्या एका कापड दुकानदाराने कराडला दुसरे दुकान काढले आहे, असे धरू. तिथे पगारी व्यवस्थापक आहे, हिशेबाच्या वह्या मात्र साताऱ्यातच राहतात. मग तिथला माल आणि पैसा जागच्या जागी आहे की नाही, हे इथे बसून कसे कळणार?

त्यासाठी माल खरेदीच्या भावाने पाठवायचा नाही. ४०० रुपयांची साडी बीजकावर ५०० ला लावायची आणि तिथे ती ५०० लाच विकायची. असा वर्षात ५ लाखांचा माल गेला, आधीचा १ लाखाचा होता. रोख विक्री ३ लाख आणि उधार विक्री १ लाख ८० हजार झाली. म्हणजे शाखा माल खात्यानुसार १ लाख २० हजारांचा माल उरायला हवा. मोजणीत १ लाख १५ हजारांचाच निघाला, तर ५ हजारांची तूट. कपडा खराब झाला असेल, चोरीला गेला असेल, किंवा रोख विक्रीची नोंदच झाली नसेल. व्यवस्थापकाने परस्पर सूट दिली, तरी ती इथेच उघडी पडते. यातले खरे नुकसान मात्र ४ हजारांचे. वरचे हजार म्हणजे न मिळालेला नफा. तो शाखा समायोजन खात्यात वजा होतो आणि ढोबळ नफा ९६ हजार उरतो, म्हणजे विक्रीच्या बरोबर २० टक्के.

उधारीसाठी शाखा ऋणको खाते वेगळे. जुनी येणी ४० हजार, त्यात वर्षाची उधार विक्री मिळवायची. वसुली १ लाख ६० हजार आणि बुडीत २ हजार वजा केले की ५८ हजार येणे राहते.

रोख विक्री आणि वसुली मिळून ४ लाख ६० हजार साताऱ्याला पोचायला हवेत. पोचले साडेचार लाख. उरलेले १० हजार ३१ मार्चला पाठवले होते, पण इथे जमा झाले एप्रिलमध्ये. ती वाटेवरची रक्कम म्हणून ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दाखवायची. भरण्याची पावती पाहिल्याशिवाय मात्र ‘वाटेवर आहे’ हे उत्तर घेऊ नये. रोजचा गल्ला जसाच्या तसा भरायचा, भाडे-पगार साताऱ्याहून द्यायचे. चहापाण्याचे पैसेही गल्ल्यातून गेले, तर विक्री आणि भरणा यांचा मेळ बसत नाही.

एक चोरी मात्र या पद्धतीला दिसत नाही. गिऱ्हाइकाने उधारी फेडली आणि व्यवस्थापकाने ती जमाच केली नाही, तर माल खाते चोख जुळते आणि ऋणको खात्यात येणे नुसते उभे राहते. म्हणून बाकीचे पत्र मालकाने साताऱ्याहून थेट गिऱ्हाइकालाच पाठवावे, व्यवस्थापकाच्या हाती देऊ नये.