गोळा फिरवायचा की त्याला शेपूट लावायची?

तोफेतून सुटलेला लांबट गोळा हवेत सरळ राहील, असं नाही. त्याच्या वजनाचा मध्य मागच्या बाजूला असतो, तर हवेचा रेटा त्याच्या पुढे, नाकाजवळ बसतो. नाक जरा कलंडलं, की हा रेटा ते आणखी कलंडवतो आणि गोळा कोलांट्या खाऊ लागतो. यावर उपाय दोन.

पहिला उपाय भोवऱ्याचा: गोळा जोरात फिरवायचा. त्यासाठी नळीच्या आत पीळदार खाचा असतात, त्यांना रायफलिंग म्हणतात. गोळ्याच्या मागच्या भागावरचा तांब्यासारख्या मऊ धातूचा पट्टा या खाचांत रुततो आणि गोळ्याला पीळ देतो. १५५ मिमी तोफेत साधारणपणे व्यासाच्या वीसपट, म्हणजे ३.१ मीटर अंतरात एक फेरा, असा पीळ असतो. गोळा सेकंदाला ८०० मीटर वेगाने बाहेर पडला, तर तो सेकंदाला सुमारे २५८ फेरे घेतो. उजव्या पिळाचा गोळा लांब पल्ल्यावर थोडा उजवीकडे सरकतो. ही सरक ठरावीक असल्यामुळे नेम धरतानाच ती हिशोबात घेतात.

मात्र हा उपाय लांबीपाशी अडतो. गोळा व्यासाच्या पाच-सहापट लांब झाला, की त्याला स्थिर ठेवण्याइतकं फिरवणं जमत नाही. रणगाड्याचं चिलखत भेदायला तर बारीक, लांब, जड सळई लागते. अडीच सेंटिमीटर जाडीची, साठ सेंटिमीटर लांबीची सळई व्यासाच्या चोवीसपट होते. तिथे दुसरा उपाय कामी येतो: शेपटीला पंख. पंखांमुळे हवेचा रेटा वजनाच्या मध्यामागे जातो आणि कलंडलेलं नाक पुन्हा सरळ होतं. सळई नळीत नीट बसावी म्हणून तिच्याभोवती हलकं कवच असतं. नळीबाहेर येताच ते हवेच्या झोताने सुटून पडतं. इथे पीळ नकोच, म्हणून टी-९० रणगाड्याच्या १२५ मिमी तोफेची नळी आतून गुळगुळीत आहे. चिलखतावर धातूचा झोत सोडणाऱ्या पोकळ स्फोटक गोळ्यालाही तीच सोयीची, कारण फिरण्याने तो झोत फाकतो.

अर्जुन रणगाड्याच्या, पुण्याच्या एआरडीई या संस्थेने घडवलेल्या १२० मिमी तोफेला मात्र खाचा आहेत. चिलखतावर आपटून थापला जाणारा आणि मग फुटणारा हेश गोळा तीत फिरत जातो. पण त्याच नळीतून पंखांची सळईही सोडावी लागते. तोड अशी, की सळईच्या कवचावरचा पट्टा घट्ट बसवलेला नसतो. खाचांत रुतून तो स्वतः फिरतो, वायू अडवून धरतो, पण कवचावर घसरत असल्यामुळे सळईपर्यंत फिरकी थोडीच पोचते. तेवढी अपायकारक नसते, उलट पंखांमधला बारीकसा फरक सगळ्या बाजूंना सारखा वाटला जातो. म्हणून गुळगुळीत नळीच्या सळयाही थोड्या फिराव्यात यासाठी त्यांचे पंख मुद्दाम किंचित तिरपे ठेवतात.