उर्दू पाटी वाचताना : पनवेल, तालुका, जिल्हा

अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू मजकूर असावा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मराठीच्या जोडीने उर्दूचा वापर करण्यास महाराष्ट्राच्या २०२२ च्या स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियमाने मनाई केलेली नाही, असा निर्णय न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी दिला. अशी पाटी लावता येते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. परंतु तिच्यावर लिहिलेले बरोबर आहे की चूक, हे तपासावयाचे तर ती वाचता आली पाहिजे. नागरी लिपी जाणणाऱ्यास हे काम वाटते तितके अवघड नाही. समजा, एखाद्या उर्दू माध्यमाच्या शाळेच्या पाटीवर ‘तालुका पनवेल, जिल्हा रायगड’ एवढेच शब्द आहेत. या चार शब्दांत लिपीचे बहुतेक सर्व नियम येऊन जातात.

जोडणारी आणि तुटणारी अक्षरे

उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे वाचला जातो. शब्दातील अक्षरे मोडीप्रमाणे एकमेकांस जोडून येतात, आणि जोडताना अक्षराचे शेपूट गळून केवळ त्याचा आरंभाचा भाग उरतो. मात्र अलिफ, दाल, रे, वाव आणि त्यांच्या कुळातील काही अक्षरे केवळ आपल्या उजवीकडील अक्षरास जोडली जातात. डावीकडे ती तुटतात. ‘उर्दू’ हा शब्दच घ्यावा. तो अलिफ, रे, दाल व वाव या चार अक्षरांनी लिहितात, आणि चारही तुटणारी असल्यामुळे ती सुटी सुटी दिसतात. म्हणून मध्ये मोकळी जागा दिसली की शब्द संपला, असे नवशिक्याने समजू नये.

‘पनवेल’ : नुक्ते आणि लपलेले स्वर

‘पनवेल’ या नावात पे, नून, वाव, ये आणि लाम अशी पाच अक्षरे आहेत. वाव डावीकडे तुटतो. म्हणून नाव दोन तुकड्यांत दिसते. पहिल्या तुकड्यात एका लहान दात्याखाली तीन नुक्ते आहेत, तो ‘प’. पुढील दात्यावर एक नुक्ता आहे, तो ‘न’. आणि शेवटी गोल डोक्याचा वाव. दुसऱ्या तुकड्यात दात्याखाली दोन नुक्ते आहेत, तो ये. त्यानंतर उंच दांड्याचा लाम. म्हणजे प, न आणि ये यांचा दाता एकसारखाच आहे. फरक केवळ नुक्त्यांच्या संख्येचा आणि जागेचा. त्याच दात्याखाली एकच नुक्ता राहिला तर ‘ब’ होतो आणि वर दोन पडले तर ‘त’. रंगाऱ्याच्या हातून नुक्ता सुटला किंवा जागेवरून सरकला, की गावाचे नाव बदलते. पाटी तपासताना प्रथम नुक्ते मोजावेत ते यासाठी.

दुसरी अडचण स्वरांची. अ, इ, उ हे ऱ्हस्व स्वर सामान्य लिखाणात लिहिले जात नाहीत. त्यांच्यासाठी जबर, जेर व पेश या खुणा आहेत; परंतु त्या मुख्यतः बालवाचनाच्या पुस्तकांत आढळतात. वाव हे एकच अक्षर व, ऊ, ओ, औ यांचे काम करते, तर ये हे य, ई, ए, ऐ यांचे. शब्दाच्या शेवटी ‘ई’साठी छोटी ये आणि ‘ए’ किंवा ‘ऐ’साठी बडी ये असा भेद दिसतो, शब्दाच्या मध्ये तो राहात नाही. त्यामुळे केवळ अक्षरांवरून हे नाव ‘पनवील’ असेही वाचता येईल. पनवेलच्या माणसास संशय येणार नाही. बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकास येईल. मोडी वाचणाऱ्यास ही सवय नवी नाही. तेथेही इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ पाळले जात नाही. वाचक शब्द ओळखून उच्चार ठरवितो.

‘तालुका’ व ‘जिल्हा’ : ओळखीच्या शब्दांचे वेगळे वर्ण

हे दोन्ही शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. उर्दूत त्यांचे मूळ लेखन कायम राहिले आहे. ‘तालुका’ हा ते, ऐन, लाम, काफ आणि छोटी हे असा लिहितात. यातील ऐनला उर्दूत स्वतंत्र व्यंजनाचा उच्चार उरलेला नाही. मागचा स्वर लांबविण्यापुरताच तो बहुधा जाणवतो. शेवटची छोटी हे ‘ह’ म्हणून नव्हे, तर ‘आ’ म्हणून वाचावी. ‘नकाशा’ व ‘कायदा’ हे शब्दही उर्दूत याच ‘हे’ने संपतात. हा एक नियम लक्षात ठेवला तर कचेरीतील कितीतरी शब्द उलगडतात.

‘जिल्हा’ हा ज्वाद, लाम व ऐन अशा तीनच अक्षरांनी लिहितात. त्याचा उच्चार ‘ज़िला’. उर्दूत ‘ज़’ या एका ध्वनीसाठी ज़ाल, ज़े, ज्वाद व ज़ोय अशी चार अक्षरे आहेत. ‘स’साठी तीन, ‘त’साठी दोन. वाचणाऱ्यास याचा त्रास नाही. चारही ठिकाणी ‘ज़’ म्हणावे. अडचण येते ती नागरीतून उर्दूत लिहिताना.

‘रायगड’ : देशी ध्वनींची सोय

१९८१ पर्यंत कुलाबा नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचे नाव उर्दूत ‘राए’ व ‘गढ’ असे दोन भागांत येते. ‘राए’मध्ये रे, अलिफ, नंतर हम्जा ही लहानशी खूण आणि शेवटी बडी ये. दोन स्वर लागोपाठ आले की त्यांच्यामध्ये हम्जा येतो. ‘गढ’मध्ये गाफ, माथ्यावर तोय या अक्षराची बारीक खूण असलेली रे, आणि दोचश्मी हे. त, द, र यांच्या माथ्यावर ही खूण आली की अनुक्रमे ट, ड, ड़ होतात. आणि दोन डोळ्यांची ‘हे’ मागच्या व्यंजनास महाप्राण करते, म्हणजे ब चा भ, ग चा घ. मराठीतील ळ व ण यांना मात्र उर्दूत स्वतंत्र अक्षर नाही. तेथे लाम व नून वापरतात. म्हणून मराठी गावाचे नाव उर्दू पाटीवरून नागरीत उतरविताना मूळ मराठी नाव जवळ ठेवणे आवश्यक आहे.

नावांची नोंद करताना

पाटीवरील चूक रंगाने दुरुस्त होते; शाळेच्या दाखल्यातील चूक वर्षानुवर्षे पाठीस लागते. ‘सय्यद’ हा सीन, ये, दाल असा लिहितात. ‘सईद’ हा सीन, ऐन, ये, दाल असा. ‘सय्यद’मधील ‘य’ दुहेरी असल्याची तश्दीद ही खूण बहुधा गाळली जाते. सीननंतर ऐनची लहान गाठ आहे किंवा नाही, एवढाच फरक डोळ्यांस दिसतो; तो निसटला तर बापाच्या व मुलाच्या कागदपत्रांत दोन वेगळी नावे उभी राहतात. याउलट, ज़ालने लिहिलेला ‘नज़ीर’ आणि ज़ोयने लिहिलेला ‘नज़ीर’ ही दोन भिन्न अर्थांची नावे नागरीत एकच होतात, आणि कोणते मूळ होते हे नागरीवरून पुन्हा ठरविता येत नाही. उर्दू नाव नोंदविताना पालकांकडून ते उच्चारून घ्यावे, अक्षरे एकेक करून पडताळावीत, आणि पुढे उर्दूत लिहावे लागणार असेल तर मूळ उर्दू लेखनाची प्रत नोंदीसोबत जपावी.