परत आलेलं पेमेंट आणि खात्याचे आकडे

भातसानगरच्या धरण वसाहतीत राहणारी माझ्या परिचयाची एक मुलगी आसनगावच्या एका कारखान्यात खरेदी विभागात कारकून आहे. मुरबाडच्या एका पुरवठादाराच्या बिलाचे १,४८,६०० रुपये तिने एनईएफटीने पाठवले आणि दुपारपर्यंत ते कंपनीच्या खात्यात परत जमा झाले. कारण एवढंच होतं : असं खातं अस्तित्वात नाही. बिल काढून पाहिलं, तर खाते क्रमांक ४५३७ ने संपत होता आणि तिच्या संगणकात ४५७३ पडला होता. शेजारशेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले होते.

ही चूक संगणकाने का पकडली नाही? जीएसटी क्रमांकाचं शेवटचं अक्षर आधीच्या चौदा अक्षरांवरून गणिताने काढलेलं असतं, त्यामुळे टंकताना चूक झाली की हिशेब सहसा जुळत नाही. युरोपातल्या खाते क्रमांकांतही असे दोन तपासणी अंक असतात. आपल्याकडे मात्र सगळ्या बँकांना लागू असा तपासणी अंक खाते क्रमांकात नाही. प्रत्येक बँकेची क्रमांकाची लांबीही वेगळी. म्हणून तर बँकेची वेबसाइट तो दोनदा टंकायला लावते.

एनईएफटीची रक्कम दर अर्ध्या तासाच्या तुकडीने पुढे जाते. समोरच्या बँकेला ती जमा करता आली नाही, तर तुकडी मिटल्यापासून दोन तासांत तिने ती परत पाठवायची असते. पैसे परत आले हे आमच्या कारकूनबाईंचं नशीबच, कारण ४५७३ हे खातं खरोखर कुणाचं असतं, तर रक्कम मुकाट्याने त्याच्याकडे गेली असती. रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या सूचनेनुसार रक्कम खाते क्रमांक पाहूनच जमा होते, नाव जुळवलं जात नाही. १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय करावी असं ठरलं. ती जरूर वापरावी, पण नाव पाहून थांबायचं की पुढे जायचं, हे पाठवणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

तिने पुरवठादाराला लिहिलेला मेल मला आवडला :

‘सप्रेम नमस्कार. तुमच्या बिलाचे १,४८,६०० रुपये काल पाठवले होते, ते “खातं अस्तित्वात नाही” या कारणाने परत आले. यूटीआर क्रमांक खाली दिला आहे. आमच्याकडे खात्याचे शेवटचे आकडे ४५७३ असे नोंदले गेले आहेत, ते चुकीचे दिसतात. कॅन्सल केलेल्या चेकचा फोटो पाठवावा. केवळ मेलवरून आम्ही खातं बदलत नाही, म्हणून तुमच्या जुन्या बिलावर छापलेल्या नंबरवर मी आज तीन वाजता फोन करते. आमच्या नावाने दुसऱ्या पत्त्यावरून मेल आला, तर त्यावर काही करू नये.’

चुकीचे आकडे तिने लिहिले, बरोबर आकडे मुद्दाम लिहिले नाहीत. फोनवरही ‘४५३७ ना?’ असं विचारलं नाही. ‘काका, चेकवरचा नंबर तुम्हीच वाचून दाखवा,’ म्हणाली. आपण वाचला की समोरचा घाईत ‘हो’ म्हणून टाकतो, हे तिला ठाऊक होतं.

खाते क्रमांक हे काही गुपित नव्हे. तो बिलावर छापलेला असतो, चेकवरही असतो. तो कुणी वाचेल याची भीती नाही, वाटेत तो बदलून येईल ही भीती आहे. पुरवठादाराचा मेलबॉक्स कुणाच्या हाती लागला, तर तो माणूस आठवडे गप्प बसून पत्रव्यवहार वाचू शकतो आणि नेमकं पेमेंट परत आलं की ‘आमची बँक बदलली, हा नवा क्रमांक घ्या’ असं कळवतो. हे खरंही वाटतं, कारण बँकांचे तपशील खरोखर बदलतात. सिंडिकेट बँक कॅनरात विलीन झाल्यावर तिचे SYNB ने सुरू होणारे आयएफएससी कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले.

पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल, तर बारकाईने पाहून कळतं. पण मेल खऱ्याच मेलबॉक्समधून आला, तर पत्ता, सही, जुना संवाद, सगळं बरोबर असतं. तिथे मेल कितीही तपासला तरी उपयोग नाही, दुसऱ्या वाटेनेच खात्री करावी लागते. त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करणं म्हणजे चोरालाच विचारणं.

फोन झाल्यावर तिने आधी एक रुपया पाठवला, तो मिळाल्याचं काकांकडून ऐकलं आणि मग उरलेले १,४८,५९९ रुपये सोडले. रक्कम भलत्याच खात्यात गेल्याचं कळलं, तर मेलामेलीत वेळ घालवू नका. आधी आपल्या बँकेला कळवा आणि फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा.