कंपासपेटीतला स्क्रूवाला चिमटा

जुन्या कंपासपेटीतल्या दोन सुयांच्या वस्तूला बरेच जण कंपास म्हणतात. ते खरं तर कर्कटक. पट्टीवरचं अंतर उचलून कागदावर न्यायला ते वापरतात. एका पायाला सुई आणि दुसऱ्याला पेन्सिल असेल, तरच तो कंपास.

खरी पंचाईत होते ती स्क्रू लावलेल्या चिमट्यासारख्या वस्तूपाशी. हा रूलिंग पेन, शाईने रेघ मारायचा. त्याच्या दोन पोलादी पात्यांच्या फटीत ड्रॉपरने शाईचा थेंब सोडायचा. स्क्रू आवळला की रेघ बारीक, सैल केला की जाड. पेन मात्र शाईत बुडवायचा नाही; पात्यांच्या बाहेरून लागलेली शाई पट्टीला टेकते आणि पट्टीखाली पसरून चित्र वाया जातं. माझ्या पेनात शाई वाळून पाती चिकटली होती. स्क्रू पूर्ण सैल करून कोमट पाण्यात ठेवल्यावर ती सुटली.

टेक्निकल पेन नंतरचा. त्याच्या टोकाला बारीक नळी, नळीत तार. टोपणावर 0.3 लिहिलेलं असेल, तर रेघ तेवढ्याच मिलिमीटरची. हळूच हलवून कानाशी धरा: आतलं वजन टकटक वाजलं, तर तार अजून मोकळी आहे.