खिळा रुतला तर

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला, तर तो लगेच उपटू नका. रबर त्याला घट्ट धरून असतं, म्हणून हवा हळूहळू जाते आणि पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं. तो चाक न काढताच भोक खरवडतो, चिकट दोरी आत ठासतो. वर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का, ते बघून घ्या. भोक टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल, तर मात्र दोरी चालत नाही.

स्पोकच्या रिममध्ये तारांच्या भोकांतून हवा निसटते, म्हणून तिथे बहुधा ट्यूब लागते. ती फाटली की हवा भसकन जाते आणि चाक खोलावंच लागतं. तरी खडकाळ वाटेवर मी स्पोकच निवडेन. सैल तार आवळता येते, थोडी वाकलेली रिम सरळ करता येते. अलॉयला तडा गेला, तर चाकच बदलावं.