औंस हे हाताचं माप नव्हे

बॉक्सिंगचे ग्लोव्हज घ्यायला आलेला नवशिका हमखास म्हणतो, “माझा हात लहान आहे, आठ औंसचे दाखवा.” बुटाच्या नंबरासारखा हा हाताचा नंबर असावा, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो आकडा एका ग्लोव्हचं वजन सांगतो. एक औंस साधारण 28 ग्रॅमचा, म्हणजे 10 औंसचा एक ग्लोव्ह सुमारे 283 ग्रॅम भरतो आणि 16 औंसचा सुमारे 454. वाढलेलं वजन बहुतेक फोमचं असतं. औंस वाढले की आतली जागाही सहसा थोडी वाढते, पण किती, ते कंपनीगणिक बदलतं.

मग औंस ठरवायचे कशावरून? आधी सरावाच्या प्रकारावरून, मग शरीराच्या वजनावरून. बॅग आणि पॅडवर 10 ते 12 औंस बहुतेकांना पुरतात, वजनदार माणसाला 14 बरे. स्पारिंगला मात्र समोर माणूस असतो, म्हणून बहुतेक जिममध्ये 16 औंस मागतात. अंगाने हलक्यांना 14 चालतात. व्यावसायिक लढतींत सर्वसाधारणपणे वेल्टरवेटपर्यंत, म्हणजे 66.7 किलोपर्यंत, 8 औंस आणि त्यावर 10 औंस असतात. टीव्हीवर ते बघून सरावासाठी आठचे घेणं हा वेडेपणा आहे.

समजा, 54 किलोची, बारीक पंजाची मुलगी स्पारिंग सुरू करतेय. जिममधले सामाईक 16 औंसचे तिला दिले, तर हात आत सरकतो, मूठ घट्ट आवळली जात नाही आणि ठोसा बसताना मनगट मुडपतं. तिने प्रशिक्षकाला विचारून अरुंद घडणीचे 14 औंस घ्यावेत. पंजाचा घेर अंगठा सोडून, मुठीच्या सांध्यांवरून टेपने मोजायचा आणि त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडायचा. घालून बघताना हँडरॅप बांधलेले हवेत. बोटांची टोकं वर हलकेच टेकली, मूठ सहज वळली आणि हात झटकल्यावर ग्लोव्ह आत फिरला नाही, की माप जमलं. रॅपशिवाय घट्ट बसलेला ग्लोव्ह रॅप बांधल्यावर बोटं बधिर करतो.

जास्त औंस म्हणजे डोकं सुरक्षित, हाही अर्धवट समज आहे. जाड फोममुळे ठोसा पसरतो, त्यामुळे चेहरा कमी फाटतो आणि मारणाऱ्याचा हात वाचतो. पण डोक्याला बसणारा हिसका राहतोच, तेव्हा 16 औंस घातले म्हणून पूर्ण ताकदीने मारायची मोकळीक मिळत नाही.

बॅग आणि स्पारिंगला एकच जोडी वापरू नये. बॅगवर आपटून फोम दबतो, आणि वजन तेवढंच राहिल्याने वर छापलेला 16 आकडा फसवतो. सांध्यांवर अंगठ्याने दाबून पाहा. आतली मूठ लगेच टोचली, तर ती जोडी स्पारिंगमधून बाद करून बॅगवर वापरतानाही हात जपा.